बियाणं आलंय, कॅप्शन अडलंय: 'एक बॅग, एक एकर' लिहू की नको?

वाडीचा_भाचा
मंडळी, मदत हवी आहे. औसा तालुक्यात मामांचं कृषी सेवा केंद्र आहे. मी लातूरला शिकतो, सुट्टीत दुकानावर बसतो. सोयाबीनचा साठा परवा उतरला आणि मामा म्हणाले, "तुला मोबाइल कळतो, तर फोटो टाक आणि खाली चार ओळी लिही." गोदामातल्या थप्पीचा फोटो काढला आणि हे लिहिलं:

"शेतकरी बांधवांनो, मृग तोंडावर आला! आमच्याकडे सोयाबीनचे सर्व नामवंत वाण उपलब्ध: जेएस ३३५, एमएयूएस १६२, फुले संगम. १०० टक्के उगवणीची खात्री. एक बॅग, एक एकर! बीजप्रक्रिया करूनच पेरा. सोबत खत घेणाऱ्यांना प्राधान्य. साठा मर्यादित, आजच बुकिंग करा. संपर्क: मामा (मोबाइल नंबर)."

नंबर इथे काढून टाकलाय. मामांना आवडलं. मामी म्हणाली, "एक बॅग एक एकर कसं, बॅगा तर यंदा पंचवीस किलोच्या आल्यात." तेव्हापासून पोस्ट अडली आहे. काय ठेवू, काय काढू?

टवाळ_बोका
मामींना दुकानावर बसवा आणि मामांना फोटो काढायला पाठवा. प्रश्न मिटला.

कॉपीवाली
मी मुंबईत जाहिरातींचंच काम करते. पहिली ओळ छान आहे. "नामवंत" काढा, कोणीच स्वतःच्या मालाला अनामिक म्हणत नाही. "साठा मर्यादित" सगळेच लिहितात, त्याऐवजी बॅगा किती आल्यात तो आकडा लिहा. बाकी शेतीतलं मला कळत नाही.

निवृत्त_कृषी
भाचेराव, मी कृषी खात्यातून निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण खरीप जवळ आला की अजून झोप उडते. तुमच्या कॅप्शनमधल्या दोन ओळी आज रात्रीच्या आत काढा.

पहिली, "सोबत खत घेणाऱ्यांना प्राधान्य". याला लिंकिंग म्हणतात आणि त्यावर कारवाई होते. तोंडी चालतं म्हणून तुम्ही ते फोटोखाली लिहून देताय, म्हणजे तपासायला येणाऱ्याचं काम तुम्हीच करताय.

दुसरी, "१०० टक्के उगवणीची खात्री". सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याला उगवणीची किमान मर्यादाच ७० टक्के आहे. शंभरातले तीस दाणे नाही उगवले तरी ते बियाणं कायद्याने चांगलंच असतं. मग शंभराची खात्री तुम्ही कशाच्या जोरावर देताय? उद्या कोणाचं रान मोकळं राहिलं तर तो हाच स्क्रीनशॉट घेऊन येईल.

आणि मामींचं बरोबर आहे. त्यावर सावकाश लिहितो, आत्ता जेवायला बोलावलंय.

कोथरूडकर
मला पण सोयाबीन हवंय. गच्चीत चार कुंड्या रिकाम्या आहेत. पाव किलो मिळेल का? कुरिअरने?

टवाळ_बोका
कोथरूडकर, चार कुंड्या म्हणजे किती गुंठे?

चाड्यावर_मूठ
एवढा विचार कशाला? आमच्याकडे आजोबांपासून पद्धत आहे, शंका असेल तर चाड्यावर मूठ जरा सैल सोडायची. एकरी चाळीस-पंचेचाळीस किलो पेरा, उगवायचं तेवढं उगवतं. आणि बियाणं चांगलं आहे की नाही ते पाच मिनिटांत कळतं. शंभर दाणे पाण्यात टाका. पाच-सात मिनिटांनी ज्याच्या सालीवर सुरकुत्या पडल्या तो दाणा चांगला, जो लगेच फुगला तो गेला. कॅप्शनमध्ये हेच लिहा, ओल्या गोणपाटात दाणे उगवून बघायची भानगड नको.

काळी_माती
चाड्यावर_मूठ दादा, पाण्याची चाचणी खरी आहे, पण ती अर्धीच गोष्ट सांगते. फुगलेला दाणा म्हणजे त्याचं साल फुटलंय. मळणीत मार बसला असेल, नाहीतर टेम्पोतून बॅग आपटली असेल. पण साल शाबूत आणि आतला कोंब मेलेला, असेही दाणे असतात. पावसात भिजलेल्या किंवा पत्र्याखाली तापलेल्या बियाण्यात ते जास्त असतात. त्यांच्या सालीवर सुरकुत्या छान पडतात आणि रानात ते कुजतात. मला हे १२ किलो घरचं बियाणं वाया घालवून कळलं.

आणि पंचेचाळीस किलो पेरून बियाणं चांगलं निघालं तर? सोयाबीन दाट झालं की नुसतं उंच वाढतं, खाली हवा खेळत नाही आणि शेंगा वरच्या वर लागतात. बियाण्याचे पैसे गेले ते वेगळेच.

निवृत्त_कृषी
जेवून आलो. काळी_माती ताईंनी माझं निम्मं काम केलं.

आता मामींचा हिशोब. एकरी ३० किलोची शिफारस उगवण ७० टक्के धरून केलेली आहे. पूर्वी बॅग ३० किलोची असायची म्हणून "एक बॅग, एक एकर" हे लोकांच्या तोंडात बसलं. आता कंपनीप्रमाणे बॅगेचं वजन वेगळं असतं, पण तोंडातली म्हण तीच राहिली. २५ किलोत एकर पेरायचा तर उगवण किती हवी? ३० ला ७० ने गुणा आणि २५ ने भागा, उत्तर ८४ येतं. म्हणजे तुमच्या लॉटची उगवण ८४ च्या पुढे असेल तरच ती ओळ खरी.

गंमत अशी की ती उगवण किती आहे हे बॅगेवर नसतं. लेबलवर "किमान ७०" छापलेलं असतं. ती मर्यादा आहे, तुमच्या लॉटचा निकाल नाही. लॉट ७१ चा असू शकतो आणि ९० चाही.

म्हणून कॅप्शन लिहिण्याआधी एक काम करा. थप्पीतली एक बॅग फोडा. वरची नको, पत्र्याजवळची वरची सगळ्यात जास्त तापते, आणि तळाचीही नको. मधली घ्या. गोणपाट भिजवून पिळून घ्या, त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडा, वरून दुसरं ओलं गोणपाट घाला, गुंडाळी करून सावलीत ठेवा. पाणी शिंपडत राहा, पण निथळत ठेवू नका, नाहीतर दाणे कुजतील. सहाव्या-सातव्या दिवशी उलगडा. मूळ आणि कोंब दोन्ही धड आहेत तेच मोजा. नुसती शेपटी फुटलेले, वाकडे, बुरशी लागलेले मोजायचे नाहीत. लोक इथेच स्वतःला फसवतात. चार गुंडाळ्या केल्यात तर सरासरी जास्त भरवशाची मिळेल.

वाडीचा_भाचा
सर, बॅग फोडली तर ती विकायची कशी?

निवृत्त_कृषी
विकायची नाही. मामांचं स्वतःचं रान असेलच की.

वाडीचा_भाचा
आहे, अडीच एकर. मामांना सांगितलं. "तुझ्या कॅप्शनसाठी माझी बॅग?" असं म्हणाले, पण फोडली. आज चार गुंडाळ्या लावल्या. मामी पाणी शिंपडणार आहे.

तेरणाकाठ
माझा अनुभव सांगतो, कॅप्शनमध्ये एक ओळ वाढेल.

२०१९ ला ऑक्टोबरात काढणीच्या वेळी पाऊस पडत राहिला होता, आठवत असेल. सोयाबीन रानात भिजलं, तेच पुढच्या वर्षी बियाणं झालं. २०२० च्या जूनमध्ये मराठवाडाभर उगवणीच्या तक्रारी आल्या, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली होती. त्या तक्रारदारांत मीही असतो, पण नव्हतो. चार एकर पेरलं, आठव्या दिवशी तासात कावळा बसला तरी दिसेल इतकं विरळ. दुकानात गेलो तर पावती कुठाय? पावती घेतलीच नव्हती, बुकिंगच्या वेळी वहीच्या कागदावर रक्कम लिहून दिली होती. बॅगा कुठायत? एकीत पेंड भरलेली, दुसरी धुवून पायपुसणं. टॅग चुलीत.

बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याने त्याच दुकानातून, त्याच दिवशी बियाणं घेतलं होतं. त्याच्याकडे लॉट नंबर लिहिलेली पक्की पावती होती, टॅग होता, बरणीत मूठभर दाणे होते. तालुक्याची समिती आली, पंचनामा झाला, त्याला बदली बियाणं मिळालं. मी पैसे घालून दुबार पेरणी केली. तो पुढे गेला असं नाही, हंगाम त्याचाही महिनाभर मागे पडला. पण त्याच्याकडे कागद होता.

तेव्हा कॅप्शनमध्ये लिहा: लॉट नंबर टाकलेली पक्की पावती घ्या, बॅग टॅगच्या उलट बाजूने फोडा म्हणजे टॅग आणि शिवण शाबूत राहते, आणि मूठभर बियाणं बाजूला ठेवा.

टवाळ_बोका
तेरणाकाठ, पायपुसण्यावर लॉट नंबर होता की तोही धुतला?

तेरणाकाठ
धुतल्यावर कंपनीचं नाव तेवढं राहिलं. बाकी सगळं उगवण झाल्यासारखंच.

व्यापारी_वृत्ती
मी पण दुकानदार आहे, दुसऱ्या जिल्ह्यातला. भाचेराव, ही मंडळी तुम्हाला खड्ड्यात घालतायत. उगवणीचा आकडा तुम्ही लिहायचाच नाही. बियाणं कंपनीचं, लेबल कंपनीचं, जबाबदारी कंपनीची. तुम्ही "आमच्या चाचणीत इतके आले" लिहिलंत की उद्या रानात कमी उगवल्यावर तुमची कॉलर धरतील. चार इंच खोल पेरणारा पण तुमच्याकडेच येणार. मी वाण, वजन, भाव, नंबर एवढंच लिहितो. बीस साल झाले, एक तक्रार नाही.

निवृत्त_कृषी
व्यापारी_वृत्ती, तुमची भीती खोटी नाही. म्हणून शब्द जपून वापरायचे: खात्री म्हणून नाही, निरीक्षण म्हणून. कोणत्या तारखेला, कोणत्या लॉटची, कशावर चाचणी केली, ते लिहा आणि पुढे "घरी स्वतः तपासूनच पेरा" लिहा.

व्यापारी_वृत्ती
साहेब, तारीख-लॉट कोणी वाचत नाही. आकडा वाचतात. मी माझ्या मतावर ठाम.

काळी_माती
मी वाचते. दुकानातल्या चाचणीचा आकडा लिहिलेला दिसला तर मी त्या दुकानात जाईन. पण आणखी एक गोष्ट विचारते. किलोवर एवढं का अडतो आपण? दाण्याचं काय? माझ्याकडे दोन वाण होते, एकाचे शंभर दाणे १२ ग्रॅम भरले, दुसऱ्याचे १४. तीस किलोत दोन्हीचे दाणे सारखे कसे होतील?

निवृत्त_कृषी
ताई, हा प्रश्न मला नोकरीत कोणी विचारला असता तर बरं झालं असतं. ४५ सेंटिमीटरवर तास आणि ५ सेंटिमीटरवर झाड धरलं तर एकरात साधारण १ लाख ८० हजार झाडं बसतात. १२ ग्रॅमच्या दाण्याचे ३० किलोत अडीच लाख दाणे होतात. त्याचे ७० टक्के म्हणजे पावणेदोन लाख. हिशोब जवळजवळ जुळतो, ३० किलोचा आकडा असाच बसतो. १४ ग्रॅमचा दाणा घेतला तर ३० किलोत २ लाख १४ हजार दाणे, उगवणार दीड लाख.

काळी_माती
मग टपोऱ्या दाण्याला ३५ किलो लिहायचं का?

तेरणाकाठ
नको. फुले संगम मी तीन वर्षं लावतोय. फांद्या भरपूर फुटतात, मोकळं ठेवलं तरच शेंगा धरतात. भारी रानात मी बेडवर टोकण करतो, एकरी पंधरा-अठरा किलोत भागतं. दाट केलं की लोळतं.

चाड्यावर_मूठ
अठरा किलोत? आमच्या मुरमाड रानात अठरा किलोत गवतच येईल.

निवृत्त_कृषी
दोघेही आपापल्या रानापुरते बरोबर असाल. कॅप्शनमध्ये हे सगळं मावणार नाही. ३० किलोचा आधार घ्या, उगवण ७० च्या खाली गेली की दर एका टक्क्याला एकरी अर्धा किलो वाढवा. ६९ ला साडेतीस, ६० ला ३५. त्याहून खाली असेल तर ते बियाणं पेरूच नका, तेल काढायला द्या.

चाड्यावर_मूठ
बरं, मग बीजप्रक्रियेचं काय? मी एका टोपल्यात बुरशीनाशक, कीटकनाशक आणि रायझोबियम एकदमच कालवतो. आणि हरभऱ्यासारखं रात्रभर भिजवलं तर उगवण अजून लवकर होते, हेही टाका.

काळी_माती
दादा, भिजवू नका! सोयाबीनचं साल कांद्याच्या पापुद्र्यासारखं. रात्रभर भिजलं की दाणा फुगतो, साल सुटतं आणि पेरणी यंत्रात त्याचं पीठ होतं. टोपल्यातसुद्धा हाताने रगडायचं नाही. आम्ही ताडपत्रीवर बियाणं पसरतो, औषध थोड्याशा पाण्यात कालवून शिंपडतो आणि ताडपत्रीची चार टोकं दोघी-दोघी धरून अलगद हलवतो. झोळीत बाळ हलवतात तसं.

निवृत्त_कृषी
आणि एकदम कालवलं तर रायझोबियमचे जिवंत जिवाणू औषधातच मरतात. आधी बुरशीनाशक, मग खोडमाशीसाठी कीटकनाशक, ते सावलीत सुकल्यावर शेवटी रायझोबियम, दर १० किलोला २५० ग्रॅमचं एक पाकीट. जिवाणू लावल्यावर ऊन दाखवायचं नाही आणि त्याच दिवशी पेरायचं. भाचेराव, तुमच्या बॅगेतला दाणा रंगीत आहे का ते बघा. रंगीत असेल तर कंपनीने औषध आधीच लावलंय, मग त्यावर परत बुरशीनाशक कशाला? कोणतं लावलंय ते लेबलवर असतं, ते वाचून पुढचं ठरवा.

तेरणाकाठ
सर, रंगीत बियाण्यावर रायझोबियम लावून उपयोग होतो का? आमच्या गावात दोन मतं आहेत.

निवृत्त_कृषी
माझंही एक मत नाही. औषध कोणतं आणि लावून किती दिवस झाले यावर ते आहे. ज्या रानात कधी सोयाबीन झालंच नाही तिथे मी लावतोच. जिथे वर्षानुवर्षं सोयाबीनच आहे तिथे फरक डोळ्याला दिसत नाही. झाडं महिना-सव्वा महिन्याची झाली की एक उपटून मुळावरची गाठ फोडून बघा. आत गुलाबी-लाल असेल तर जिवाणू काम करतोय.

कोथरूडकर
कुंडीतलं झाड उपटलं तर परत लावता येईल का?

टवाळ_बोका
कोथरूडकरांची दुबार पेरणी.

कॉपीवाली
एक प्रश्न. "कधी पेरायचं" हे कॅप्शनमध्ये कुठेच नाही. मृग तोंडावर आला म्हटलं की माणूस दुसऱ्याच दिवशी पेरणार ना?

काळी_माती
बघा, मुंबईच्या बाईंनी बरोबर पकडलं. पहिल्या सरीला मातीचा वास आला की आमचे दीर तिफण काढतात. वरची चार बोटं ओल, खाली कोरडं. दाणा फुगतो, कोंब येतो, पुढचे आठ दिवस ऊन आणि सगळं वाळतं. मग म्हणतात बियाणं बोगस.

७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये म्हणतात, पण मिलिमीटर कोणाला दिसतो? आमच्याकडे सरळ भिंतीचा डालड्याचा जुना डबा अंगणात मोकळ्यावर ठेवलाय. पाऊस थांबला की पट्टीने मोजायचं, वहीत लिहायचं, डबा रिकामा करायचा. चार-पाच दिवसांची बेरीज साडेसात सेंटिमीटर झाली की वापसा बघून पेरणी. आणि खोली तीन-चार सेंटिमीटर, त्याखाली नाही. ट्रॅक्टरवाला घाईत असतो, पहिल्या तासातच उकरून दाणा बघायचा.

व्यापारी_वृत्ती
डबा भरेपर्यंत गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं, ताई.

काळी_माती
बियाणं आधी न्यावं की. पेरावं नंतर. पण घरी नेल्यावर फरशीवर उभं करू नका, खाली फळ्या टाका, खताच्या शेजारी नको.

वाडीचा_भाचा
गुंडाळ्या उलगडल्या! सहा दिवस मामी रोज दोनदा शिंपडत होती. ८०, ७६, ७९, ७७. सरासरी ७८. मामा आधी शेपटीवालेही मोजत होते, ते धरून ८८ येत होते. मामीने बाजूला काढले.

३० गुणिले ७० भागिले ७८, जवळपास २७ किलो. म्हणजे २५ ची बॅग एकराला पुरत नाही. मामांच्या अडीच एकराला साडेसदुसष्ट किलो, म्हणजे तीन बॅगा, फोडलेली धरून. नवीन कॅप्शन:

"सोयाबीन बियाणं आलं आहे. फुले संगम, २५ किलोच्या ६० बॅगा. लॉट नंबर फोटोत दिसतो आहे. या लॉटमधली एक बॅग फोडून दुकानात गोणपाटावर चाचणी केली, शंभरात सरासरी ७८ दाणे धड उगवले. त्या हिशोबाने एकरी २७ किलो लागेल. एक बॅग एका एकराला पुरणार नाही. तुम्हीही घरी तपासूनच पेरा. बियाणं भिजवू नका, रगडू नका, आपटू नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच, तीन-चार सेंटिमीटर खोल पेरा. लॉट नंबरची पक्की पावती मागून घ्या, टॅग आणि मूठभर बियाणं जपून ठेवा. भाव दुकानाच्या फलकावर आणि बॅगेवर आहे, त्यापेक्षा जास्त देऊ नका. दुकान सकाळी ८ ते रात्री ८. फोन: मामा. बीजप्रक्रियेबद्दल विचारायचं असेल तर: मामी."

बाकी दोन वाणांची चाचणी लावली आहे, त्यांची पोस्ट नंतर.

निवृत्त_कृषी
परवाना क्रमांक टाका. आणि पत्ता, नुसता फोन नको. फोन बंद लागला की शेतकरी पंधरा किलोमीटरवरून येऊन कुलूप बघतो.

कॉपीवाली
लांब आहे, पण एक शब्दही कापणार नाही. फक्त "एक बॅग एका एकराला पुरणार नाही" ही ओळ सगळ्यात वर घ्या. दुकानदारच असं म्हणतोय म्हटल्यावर माणूस थांबून वाचेल.

व्यापारी_वृत्ती
किंवा म्हणेल, जास्त बॅगा खपवायला लिहिलंय.

वाडीचा_भाचा
अगदी हेच झालं. पोस्ट टाकून दोन तास झाले, पहिली कमेंट तीच: "मामा, आता बॅगा जास्त विकायचा नवा धंदा का?" मामांनी गोणपाट उलगडलेला फोटो खाली टाकला. त्यावर तो म्हणाला, हे दाणे कशावरून याच लॉटचे?

तेरणाकाठ
त्याला सांगा, दुकानात ये, तुझ्यासमोर बॅगेतून शंभर दाणे मोजून देतो, घरी गुंडाळून बघ.

वाडीचा_भाचा
मामीने तेच लिहिलं. तो उद्या येतोय. मामा विचारतायत, अजून एक बॅग फोडायची का.